म्हसोबा, पुढे एकोणनव्वद

“अण्णा जाता जाता पासवर्डही घेऊन गेले,” पोस्टाच्या ओट्यावर बसलेला एकजण म्हणाला आणि बाकीचे हसले. मी आत्याला घेऊन आत शिरत होते. पाऊस तिरका येत होता, ओट्यावर ओल्या इरल्यांचा आणि छत्र्यांचा ढीग पडला होता. हसणारे सगळे ओळखीचे. त्यातल्या निम्म्यांचे फॉर्म अण्णांनीच कधी ना कधी भरून दिलेले. तरी ते वाक्य कुणाला टोचलं नाही. मला मात्र ते दिवसभर टोचत राहिलं. एखादा माणूस इतकी वर्षं एका खिडकीमागे बसतो आणि रजेवर गेल्याच्या चौथ्या दिवशी त्याच्या नावावर चोरी लागते, तीही अशा वस्तूची जी उचलून नेताच येत नाही.

गाव पुणे जिल्ह्यातलंच, पश्चिमेच्या घाटाकडचं. नाव लिहीत नाही. पोस्ट म्हणजे ग्रामपंचायतीच्या शेजारच्या दोन खोल्या, वर पत्रा, पुढे ओटा. पोस्टमास्तर मॅडम वर्षभरापूर्वी बदलून आलेल्या. अण्णा त्यांच्या हाताखालचे क्लार्क. कागदावर पोस्टल असिस्टंट, गावाच्या तोंडी ‘पोस्टातले अण्णा’. 1989 साली नोकरीला लागले, मध्ये बदल्या झाल्या, शेवटची वर्षं फिरून याच खिडकीत आले. 31 जुलैला निवृत्ती. त्याच्या आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकून घ्यावं म्हणून रजा टाकून मुलाकडे धायरीला गेले होते. म्हणजे ते अजून नोकरीतच होते, पण गावाने त्यांना आधीच निवृत्त करून टाकलं होतं.

आत्याला पैसे हवे होते. तिच्या मासिक प्राप्ती योजनेत तीन लाख आहेत, त्याचे महिन्याला 1850 रुपये बचत खात्यात जमा होतात. ते ती वर्षभर साठू देते आणि लावणीच्या तोंडावर काढते. रोपं तयार होती, चिखलणी झाली होती, बाया सांगून ठेवल्या होत्या. भाताची लावणी पोस्टासाठी थांबत नाही आणि मजुरी उधार ठेवायची आत्याच्या घरात रीत नाही. “अगं, माझे पैसे तिजोरीत आहेत ना? मग नेटचा दिवा लागला नाही म्हणून मला का देत नाहीत?” तिने मला विचारलं. प्रश्न रास्त होता. पूर्वी लेजरमधलं खात्याचं पान काढून, सही ताडून, पासबुकात हाताने नोंद करून पैसे मिळत. कोअर बँकिंग आल्यापासून ते पान गावात राहिलं नाही. तिजोरी गावात, नोटा गावात, पण आत्याच्या खात्यात किती आहेत हे सांगणारी वही लांबच्या सर्व्हरवर. नेट नाही तर मॅडमच्या हाताला पैसे मोजायची परवानगी नाही.

बाकीचं पोस्ट चालू होतं, हे मला फार लागलं. सकाळची थैली आली, पोस्टमन पत्रं घेऊन वाटायला गेला, तिकिटं विकली जात होती, तारखेचा शिक्का पडत होता. डोंगरापलीकडच्या वाडीतलं शाखा डाकघर, म्हणजे एका डाकसेवकाच्या घरातली एक खोली, तेही सुरू होतं, कारण त्यांचं हातातलं यंत्र सिमवर चालतं. त्यांना लागणारी रोकड मात्र या मोठ्या कार्यालयातून थैलीत जाते. लहानाला नेट होतं, मोठ्याला नव्हतं.

माझं काम पुण्यात याच प्रकारचं आहे. लोकांच्या कार्यालयातली जाळी जोडायची, तुटली की का तुटली ते शोधायचं. त्यामुळे रांगेत उभ्या उभ्या माझी नजर खिडकीच्या वर फळीवर ठेवलेल्या दोन डब्यांकडे गेली. एक फायबरचा डबा, पिवळी बारीक वायर घुसलेला. दुसरा पोस्टाचा राउटर, काळा, त्याच्या एका कानाला दोरा बांधून तो खिळ्याला अडकवलेला. फायबरच्या डब्यावर PON लिहिलेला दिवा हिरवा आणि स्थिर होता. LOS लिहिलेला विझलेला होता. राउटरवर संगणकांचे दिवे लुकलुकत होते, फक्त इंटरनेटचा दिवा तांबडा.

एवढ्यावरून पुष्कळ कळतं. रस्त्यात कुठे फायबर तुटली असती तर LOS तांबडा लुकलुकला असता, कारण त्याचा अर्थच प्रकाश पोचत नाही असा. PON स्थिर हिरवा म्हणजे प्रकाश येतोय आणि पलीकडच्या यंत्राने या डब्याला ओळखलंय. संगणक ते राउटर ही घरातली वाटही ठीक. अडलं होतं ते मधल्या एकाच पायरीवर. राउटर पलीकडे जाऊन ‘मी अमुक ग्राहक, हा माझा परवलीचा शब्द’ असं सांगतो आणि पलीकडून होकार आला की इंटरनेट सुरू होतं. तो होकार येत नव्हता.

मॅडमना विचारलं तेव्हा उलगडा झाला. आठवड्याच्या सुरुवातीच्या पावसात खांब पडला, फायबरच्या डब्यात पाणी शिरलं. लाइन देणाऱ्यांचा मुलगा येऊन नवीन डबा बसवून गेला. जाताना त्याने एका चिठ्ठीवर नवीन युझर आयडी आणि पासवर्ड लिहून दिला आणि “राउटरमध्ये एवढं टाकून घ्या” म्हणून मोटारसायकलला किक मारली. ते टाकायचं तर राउटरच्या आत शिरायला हवं. ब्राउजरमध्ये 192.168.10.1 लिहिलं की राउटरचं पान उघडतं आणि ते पहिल्यांदा स्वतःचा पासवर्ड मागतं. तो फक्त अण्णांना ठाऊक होता.

इथे लोकांचा गोंधळ होतो म्हणून जरा थांबून सांगते. राउटरला एक नसून तीन पासवर्ड असतात. एक वायफायचा, जो पाहुण्यांनाही देतात. दुसरा लाइनचा, जो राउटर पलीकडे सांगतो. तिसरा राउटरचा स्वतःचा, त्याच्या सेटिंगच्या खोलीची किल्ली. पहिला हरवला तर जोडलेल्या कुठल्याही संगणकातून काढता येतो. दुसरा हरवला तर लाइन देणाऱ्याला फोन करून नवा घेता येतो. तिसरा मात्र राउटरच्या बाहेर कुठेच नसतो, कुणी लिहून ठेवला नसेल तर. वर्षानुवर्षं तो लागतही नाही. सगळं सुरळीत असताना कुणालाही त्याची आठवण होत नाही, आणि लागतो तेव्हा दार बंद झालेलं असतं.

मॅडमनी अण्णांना फोन केला नव्हता असं नाही. पहिल्याच दिवशी केला होता. अण्णांनी डोळ्यावर पट्टी असताना फोन घेतला आणि क्षणाचाही विचार न करता सांगितलं, “म्हसोबा. पुढे एकोणनव्वद, पूर्ण साल.” गावाच्या वेशीवरचा म्हसोबा आणि नोकरीला लागल्याचं वर्ष. मॅडमनी विचारलं, स्पेलिंग सांगा. अण्णांनी सांगितलं, एम एच ए एस ओ बी ए. मॅडमनी टाकलं. चुकीचा पासवर्ड. पहिलं अक्षर मोठं करून पाहिलं, दोन ए घालून पाहिले, मध्ये चिन्ह घालून पाहिलं. काही प्रयत्नांनंतर राउटर म्हणाला, थोडा वेळ थांबा. पुन्हा फोन. अण्णा पलीकडून ठामपणे, “मॅडम, तोच आहे. मी स्वतः घातलाय.” दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग अर्थातच संशय आला. उघडपणे कुणी बोललं नाही, पण ओट्यावरच्या वाक्याचा उगम इथलाच. माणूस म्हणतोय बरोबर आहे, यंत्र म्हणतंय चूक आहे, आणि यंत्राला खोटं बोलण्याचं कारण नसतं.

मी काउंटरवरून पाहिलं तेव्हा मॅडमच्या हातात टाचणी होती. राउटरच्या पाठीमागे एक बारीक भोक असतं, त्यात टाचणी घालून दहाएक सेकंद दाबून धरलं की राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. मग पासवर्ड त्याच्या पोटावरच्या स्टिकरवर छापलेला तोच लागतो. कुणीतरी त्यांना फोनवर तसं सुचवलं होतं. मी जवळजवळ ओरडलेच, “मॅडम, थांबा.” रांग माझ्याकडे बघायला लागली.

रिसेटने काय झालं असतं ते मी त्यांना खिडकीतूनच सांगितलं. स्टिकरवरच्या पासवर्डने त्या आत गेल्या असत्या. चिठ्ठीवरचा नवीन आयडी टाकला असता. इंटरनेटचा दिवा हिरवा झाला असता आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला असता. पण पोस्टाचं काम त्या हिरव्या दिव्यावर चालत नाही. खात्याच्या आतल्या जाळ्यात शिरायला राउटर एक टनेल उभा करतो, त्याची वेगळी सेटिंग आणि वेगळी गुप्त किल्ली विभागीय कार्यालयाने दिलेली असते. ती त्या टाचणीने पुसली गेली असती. शिवाय या कार्यालयातल्या संगणकांना आणि पासबुकाच्या प्रिंटरला 192.168.10 ने सुरू होणारे ठरलेले पत्ते दिलेले. कोरा राउटर बहुधा 192.168.1 किंवा 192.168.0 धरून बसतो. मग संगणक आणि राउटर एकाच खोलीत असून एकमेकांना ओळखत नाहीत. मोबाइलवर व्हिडिओ चालेल, आणि आत्याच्या खात्याचं पान मात्र उघडणार नाही. तेव्हा दोष कुठे आहे हे शोधणं आजच्याहून अवघड, कारण आज निदान एक दिवा तांबडा आहे.

मॅडमनी टाचणी उशीत परत टोचली. त्यांनी मला आत बोलावलं नाही, आणि मला ते योग्यच वाटलं. सरकारी कार्यालयाच्या यंत्राला बाहेरच्या माणसाने हात लावू नये. विभागाच्या सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटरना त्यांनी फोन लावला. त्यांचंही हेच मत पडलं, की टनेलची सेटिंग आमच्याकडे आहे, पण या डोंगरात यायला आम्हाला दोन-तीन दिवस लागतील, तोवर रिसेट नको. आत्या त्या दिवशी रिकाम्या हाताने परतली. बायांना तिने निरोप पाठवला, की लावणी होईल, पैसे दोन दिवस मागेपुढे. तो निरोप पाठवताना तिचा चेहरा उतरला होता. मी पैसे देऊ केले ते तिने घेतले नाहीत.

रात्री पत्र्यावर पाऊस वाजत असताना मी त्या गोष्टीचाच विचार करत होते. पोस्ट हे खातं किल्ल्यांच्या बाबतीत फार कडक. तिजोरीची दुसरी किल्ली सीलबंद पाकिटात वरच्या कार्यालयात जमा असते. तारखेचा शिक्का रोज सकाळी बदलून त्याचा ठसा वहीत घ्यायचा. कार्यभार देता-घेताना चार्ज रिपोर्ट भरायचा, रोकड मोजायची, तिकिटं मोजायची, शिक्के, वजनं, थैल्या, कुलपं, एकेक वस्तू हातातून हातात जायची आणि दोघांच्या सह्या व्हायच्या. इंग्रजांच्या वेळेपासून बसलेली ही शिस्त. पण तिचा विश्वास हातात धरता येणाऱ्या वस्तूंवर. राउटर त्या यादीत होता, ‘राउटर, नग 1’ म्हणून. त्याचा पासवर्ड यादीत नव्हता, कारण त्याला नग म्हणता येत नाही. अण्णांनी तो लपवला नव्हता. ज्या रकान्यात तो लिहायचा तो रकानाच कुणी आखला नव्हता.

पण मग चुकीचा का सांगितला? हे मला कळत नव्हतं. वयामुळे विसरले म्हणावं तर त्यांचा आवाज तसा नव्हता. आत्याच्या पासबुकाचा नंबर ते आजही तोंडपाठ सांगतील.

तिसऱ्या दिवशी अण्णा स्वतः आले. डॉक्टरांनी वाकू नका, धक्के खाऊ नका म्हणून बजावलेलं, तरी मुलाला गाडी काढायला लावली. काळा चष्मा, बाहीवर पाण्याचे थेंब, पायातल्या चपला ओट्याखाली नीट जोडून ठेवल्या. ओट्यावरची मंडळी एकदम गप्प झाली. अण्णा कुणाशी काही बोलले नाहीत. त्या न बोलण्यावरून मला समजलं, की वाक्य धायरीपर्यंत पोचलं होतं.

ते आपल्या खुर्चीवर बसले. मॅडमनी राउटरचं पान उघडून दिलं. अण्णांनी चष्मा काढला नाही, पडद्याकडे पाहिलंही नाही. दोन्ही हात कळफलकावर ठेवले. त्या कळफलकावर पिवळी बारीक मराठी स्टिकरं चिकटवलेली होती, बरीचशी झिजून पांढरी पडलेली. बोटं चालली आणि पान उघडलं.

खोलीत एकच गलका झाला. मॅडम म्हणाल्या, “अहो अण्णा, पण मी हेच तर टाकत होते!” अण्णा म्हणाले, “मी तेच सांगत होतो.” दोघंही खरं बोलत होते. मी खिडकीच्या गजांना धरून उभी होते आणि मला फक्त त्यांचा डावा हात दिसला होता. इंग्रजी ‘एम’ उजव्या हाताला, खालच्या ओळीत असतो. अण्णांचं पहिलं बोट डावीकडे खाली गेलं होतं, ‘सी’वर. मग त्याच हाताने वर, ‘डी’वर.

मी म्हटलं, “अण्णा, एकदा नोटपॅड उघडून त्यात टाका बरं. जिथे अक्षरं दिसतात तिथे.” त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान डोलावली. अण्णांनी त्याच वेगाने पुन्हा बोटं चालवली आणि पडद्यावर उमटलं:

```
cdumaye1989
```

अण्णांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि पडद्याजवळ तोंड नेलं. “हे काय आहे?” त्यांनी विचारलं. आपलाच पासवर्ड ते पहिल्यांदा पाहत होते.

अण्णा मराठी टाइपिंग इन्स्क्रिप्टवर शिकलेले. सरकारी कार्यालयांत जुन्या लोकांनी ते शिकून घेतलं आहे, आणि ज्याच्या हाताला ते बसलं त्याचा वेग बघत राहावा असा असतो. साधारणपणे मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि जोडाक्षरासाठी मध्ये हलंत. राउटर बसवला त्या दिवशी पासवर्ड ठेवायचा होता. अण्णांनी मनात म्हसोबा म्हटलं आणि बोटं मराठीच्या जागांवर पडली:

```
म  ्  ह  स  ो  ब  ा
c  d  u  m  a  y  e
```

पण ब्राउजरच्या खिडकीत कळफलक इंग्रजीवर होता. त्या जुन्या विंडोजमध्ये प्रत्येक खिडकीची भाषा वेगळी राहायची. पत्र टाइप करायच्या खिडकीत मराठी, शेजारच्या ब्राउजरमध्ये इंग्रजी. एरवी चूक लगेच लक्षात येते, कारण भलतीच अक्षरं उमटतात. पासवर्डच्या चौकटीत मात्र काहीही टाकलं तरी काळे ठिपकेच दिसतात. दुसऱ्यांदा खात्रीसाठी टाकायला सांगितलं, तेही त्याच बोटांनी टाकलं, दोन्ही जुळले, राउटरने मान्य केलं. त्यानंतर जेव्हा जेव्हा त्यांनी तो टाकला तेव्हा तेव्हा म्हसोबाच टाकला आणि दार उघडलं. खोटं ठरण्याची संधीच त्या समजुतीला मिळाली नाही. फोनवर स्पेलिंग विचारल्यावर त्यांनी म्हसोबाचं जे सरळ स्पेलिंग होतं ते सांगितलं. दुसरं काय सांगणार?

म्हणजे पासवर्ड ‘फक्त अण्णांना ठाऊक होता’ हेही पुरतं खरं नव्हतं. तो त्यांच्या बोटांना ठाऊक होता, आणि तोही याच कळफलकाच्या जागांवर. माझ्या कामात मी पुष्कळ हरवलेले पासवर्ड पाहिलेत, विसरलेले, भांडणात दडवलेले, मेलेल्या माणसाबरोबर गेलेले. मालकाने प्रामाणिकपणे, पुन्हा पुन्हा, स्पष्ट आवाजात सांगितलेला आणि तरीही कुणालाच न मिळालेला पासवर्ड मी पहिल्यांदा पाहिला. धायरीत डोळ्यावर पट्टी बांधून तो माणूस एम एच ए एस म्हणत होता आणि इकडे त्याच्यावर चोरीचा आळ चढत होता, हे आठवलं की मला अजून वाईट वाटतं.

पुढचं काम भराभर झालं. चिठ्ठीवरचा आयडी आणि पासवर्ड लाइनच्या सेटिंगमध्ये गेला. सेव्ह केलं. इंटरनेटचा दिवा पिवळा झाला, मग हिरवा. मॅडमनी हिरव्यावर विश्वास न ठेवता आधी पोस्टाचं पान उघडून पाहिलं, ते मला आवडलं. टनेल शाबूत होता. आत्याचा फॉर्म पहिला घेतला. पासबुकाचा प्रिंटर करकरला, आत्याने नोटा पदराच्या टोकात बांधल्या आणि माझी वाट न बघता घरी निघाली. बाया खाचरात उभ्या होत्या.

गर्दी ओसरल्यावर मॅडमनी विभागाच्या साहेबांना फोनवर घेऊन जे केलं, ते मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण ते कुठल्याही लहान कार्यालयात करता येईल. आत असतानाच पहिल्यांदा राउटरच्या सगळ्या सेटिंगची बॅकअप फाइल उतरवली. पुन्हा कधी रिसेट करावाच लागला तर त्याच मॉडेलवर ती फाइल चढवली की टनेल, पत्ते, सगळं परत बसतं. त्या फाइलमध्येच गुप्त किल्ल्याही असतात, म्हणून ती संगणकावर न ठेवता विभागाकडे सोपवली. मग नवा पासवर्ड ठरवला. तो आधी नोटपॅडमध्ये टाइप करून डोळ्यांनी वाचला, कागदावर लिहिला, कागदावरून मॅडमनी स्वतः राउटरमध्ये टाकला. बाहेर पडून पुन्हा आत आल्या, या वेळी दुसऱ्या संगणकावरून, ज्याच्या कळफलकावर स्टिकरं नव्हती. उघडलं. मग कागदाच्या दोन प्रती, दोन पाकिटं. (म्हसोबा त्या दिवसापासून निरुपयोगी झाला, म्हणूनच तो इथे सांगू शकते.)

पाकीट अण्णांनी सील केलं. कपाटातून लाखेची कांडी काढली, मेणबत्तीवर धरली, पाकिटाच्या जोडावर तांबडा थेंब पाडला आणि पितळी शिक्का थुंकी लावून दाबला. थुंकी लावली नाही तर लाख शिक्क्याला चिकटून येते. खोलीभर लाखेचा गोडसर जळका वास पसरला. मग जोडावर तारखेचा शिक्का, निम्मा पाकिटाच्या पाखीवर, निम्मा अंगावर, म्हणजे कुणी उघडून परत चिकटवलं तर दोन निम्मे जुळणार नाहीत. एक पाकीट तिजोरीत, एक विभागाकडे. पासवर्डसारख्या नव्या वस्तूला त्यांनी आपल्या जुन्या हातांनी किल्लीचा मान दिला. मॅडमनी ऑर्डर बुकात नोंद केली आणि चार्ज रिपोर्टला जोडायच्या यादीत ‘राउटर, नग 1’च्या खाली ओळ घातली: ‘राउटर पासवर्ड, सीलबंद पाकीट, नग 1.’

त्या ओळीखाली जागा शिल्लक होती. मॅडमनी पेन खाली ठेवलं नाही. “अण्णा, अजून काय काय आहे?” त्यांनी विचारलं. “म्हणजे जे फक्त तुम्हाला माहीत आहे असं.”

अण्णा म्हणाले, “तसं काही नाही.” मग थोड्या वेळाने, “लाइट गेली की दोन्ही डबे एकदम चालू करू नका. आधी फायबरचा. त्याचा हिरवा दिवा थांबला की मग राउटर. नाहीतर तो उगीच तांबडा दाखवतो.” मॅडमनी लिहिलं. “प्रिंटरचा पत्ता शेवटी पन्नास आहे, तो दुसऱ्या कशाला देऊ नका, पासबुक छापायचं बंद होतं.” लिहिलं. “इन्व्हर्टरच्या बोर्डावर तिसरं बटण पंख्याचं दिसतं, पण त्याच्यावर राउटर आहे. उन्हाळ्यात नवीन माणूस घरी जाताना पंखा म्हणून बंद करतो.” मॅडम हसल्या, कारण त्यांनीही तसं केलं होतं आणि सकाळी अण्णांनी न बोलता चालू केलं होतं. पान भरलं, त्यांनी उलटलं. अण्णा आता खुर्चीत मागे रेलून, डोळे मिटून, खोलीच्या एकेका कोपऱ्याची आठवण काढत सांगत होते. ओट्यावरचा तो वाक्य बोलणारा दारात येऊन उभा राहिला होता. त्याचं रिकरिंगचं पासबुक हातात होतं, पण त्याने मध्ये तोंड घातलं नाही.

“आणि मागच्या खिडकीतून फायबर आत येते ना,” अण्णा म्हणाले, “ती भिंतीत शिरायच्या आधी बाहेर खाली लोंबती ठेवायची. ताणून सरळ घेतली की पावसाचं पाणी वायरीवरून चालत थेट डब्यात येतं. त्या पोराने या वेळी ताणून घेतलीय, मी येताना बघितलं.”

मॅडम लिहिता लिहिता थांबल्या. “किती खाली लोंबती?”

“वीतभर पुरे. पण आत्ताच करून घ्या, संध्याकाळी जोराचा येणार आहे.”

मॅडमनी पोस्टमनला हाक मारली आणि स्टूल घेऊन मागच्या बाजूला गेल्या.